दिंडीतला फोटो : पोशाख, टोपी, माळ आणि हार



दरवेळी आपण चिंतनाला अभंग घेतो. आज एक फोटो घेतो. खरं म्हणजे दोन फोटो. हे दोन्ही फोटो जुळे सोलापुरातल्या एका घरात भिंतीवर आहेत. तिथे मी गेल्या वर्षी कार्तिकात सेवेला गेलो होतो. कीर्तन झालं, प्रसाद झाला, आणि घरचे मालक मला आतल्या खोलीत घेऊन गेले. म्हणाले, "महाराज, एक कागद वाचून द्या. बरोबर आहे का तेवढं सांगा."

प्रकरण असं होतं. मालकांच्या आजोबांचं मोठं चित्र काढून घ्यायचं ठरलं होतं. आजोबा दिंडीत चालले आहेत, मागे पताका आहेत, पुढे टाळकरी आहेत, असं चित्र. चित्रकार परगावचा. त्याला वारीची फारशी माहिती नव्हती, पण माणूस प्रामाणिक. तो म्हणाला, "फोटो लहान आहेत, पुसट आहेत. अंगावर काय काय आहे ते मला लिहून द्या, म्हणजे माझ्या मनाने काही काढलं जाणार नाही." म्हणून नातवाने कागदावर एक ओळ लिहिली होती : "पांढरा कॉटनचा ड्रेस, टोपी, हार."

माऊली, या ओळीत खोटं काही नाही. पण या ओळीवरून चित्र काढलं असतं तर आजोबांच्या जागी दुसराच कुणीतरी उभा राहिला असता. कसा ते सांगतो. तुमच्याही घरात असा एखादा फोटो असेल. हे वाचून झालं की उठून त्याच्यासमोर उभे राहा.

आधी फोटो कसे आहेत ते नीट बघा.

पहिला फोटो पोस्टकार्डाएवढा. पाच माणसं एका भिंतीपुढे उभी. आजोबा उजवीकडून दुसरे, वय पंचविशीचं. कमरेला धोतर, अंगात बंदांची आखूड बंडी, गळ्याशी बारीक मण्यांची माळ, डोक्याला गुंडाळलेलं पागोटं, आणि पागोटं फोटोत अगदी काळं दिसतं. एकाच्या हातात पताका आहे, तीही काळपट. मागच्या बाजूला शाईने लिहिलंय : आषाढ, शके १८४७. शकात ७८ मिळवा, म्हणजे इसवी सन १९२५.

दुसरा फोटो १९५८च्या आसपासचा. आजोबा आता पिकलेले. अंगात लांब बाह्यांचं पैरण, खांद्यावर उपरणं, डोक्यावर पांढरी टोपी, गळ्यात वीणा आणि तिच्याखाली फुलांचा हार. आणि हा फोटो ज्या चौकटीत आहे त्या चौकटीला बाहेरून चंदनाच्या सालीचा हार.

नातवाचा विचार साधा होता. पहिल्या फोटोत आजोबा तरुण, चेहरा स्वच्छ. दुसऱ्यात टोपी आणि वीणा. तर चेहरा पहिल्यातला घ्यावा, टोपी दुसऱ्यातली घ्यावी. "महाराज, वारकरी म्हटलं की पांढरी टोपी नको का? आणि ते काळं पागोटं कसं दिसेल देवाच्या वाटेवर?"

त्याच्या दोन्ही प्रश्नांना उत्तर आहे. आधी काळ्या रंगाचं घेऊ.

त्या काळच्या फोटोच्या काचेवर आणि फिल्मवर जो लेप असे, त्यातल्या बहुतेकांना तांबडा रंग दिसतच नसे. निळा रंग त्यावर पांढुरका उमटायचा आणि लाल, शेंदरी, भगवा हे रंग काळपट उमटायचे. कुंकू काळं दिसायचं. पान खाल्लेले ओठ काळे दिसायचे. पुढे सगळे रंग पकडणारी फिल्म आली आणि १९३०नंतर हळूहळू सगळीकडे तीच चालू झाली. म्हणून १९२५च्या फोटोत जे काळं दिसतं ते काळं असेलच असं नाही.

मग ओळखायचं कसं? फोटोतच अशी एखादी वस्तू शोधायची, जिचा रंग आपल्याला ठाऊक आहे. इथे पताका आहे. दिंडीतली पताका भगवी, यात शंका नाही. ती या फोटोत काळपट आली आहे. म्हणजे या फोटोने भगवा रंग काळा केला. तर मग शेजारचं पागोटंही तांबडं असू शकतं. असू शकतं म्हणतो, होतंच म्हणत नाही. म्हणून कागदावर "काळं पागोटं" लिहू नका, आणि "लाल पागोटं" असंही छाती ठोकून लिहू नका. "पागोटं फोटोत गडद दिसतं, भगवी पताकाही तशीच गडद दिसते" एवढं लिहा. घरातलं जुनं माणूस काही सांगत असेल तर ते पुढे जोडा. तसं माणूस त्या घरात होतं. मालकांच्या आई, वय नव्वदीला टेकलेलं. त्या म्हणाल्या, "मामंजींचं तांबडं पागोटं ट्रंकेत होतं. मी सून म्हणून आले तेव्हा बघितलंय. किड्यांनी खाल्लं पुढे." झालं. रंग मिळाला.

आता टोपी. आणि इथे माऊली, जरा थांबायला पाहिजे.

आपल्याला वाटतं पांढरी टोपी वारीत पहिल्यापासून आहे. ज्ञानोबा-तुकोबांच्या काळापासून आहे. तसं नाही. तुकोबांचं कोणतंही चित्र डोळ्यांपुढे आणा. डोक्यावर काय आहे? पागोटं. १९३६ साली प्रभातने 'संत तुकाराम' चित्रपट काढला, त्यात विष्णुपंत पागनीस तुकोबा झाले. त्या वर्षी महाराष्ट्राच्या गावोगावी पांढऱ्या टोप्या होत्या, थिएटरात बसलेल्या माणसांच्या डोक्यावर होत्या. पण पडद्यावरच्या तुकोबांना कुणी टोपी दिली नाही. त्यांना पागोटंच. कारण बनवणाऱ्यांना आणि बघणाऱ्यांना दोघांनाही ठाऊक होतं की ही टोपी आत्ताची आहे.

ती आली १९२०च्या सुमारास, गांधीजींमुळे. काकासाहेब कालेलकरांनी गांधीजींकडून ऐकलेली हकीकत सांगितली आहे. गांधीजींनी निरनिराळ्या प्रांतांतल्या लोकांच्या डोक्यावर काय असतं ते पाहिलं. पागोटी-फेट्यांना कापड फार लागतं. उन्हाच्या देशात काळ्या टोप्या घामाने भिजतात आणि मळ दिसत नाही म्हणून कुणी त्या धूत नाही. काश्मिरी टोपीचा आकार त्यांना पसंत पडला, हलकी, घडी करून ठेवता येण्यासारखी. पण ती लोकरीची. म्हणून तोच आकार सुती पांढऱ्या कापडात घेतला. पांढरं का? मळलं की लगेच दिसतं, म्हणून धुवावंच लागतं.

वारकऱ्याला ही टोपी का पटली ते वेगळं सांगायला नको. चालत जाणारा माणूस. ओझं पाठीवर. पागोट्याचं लांबच लांब कापड रोज भिजवायचं, पिळायचं, वाळवायचं कुठे? टोपी ओढ्यावर धुतली, काठीच्या टोकाला अडकवली, मुक्कामाला पोचेपर्यंत वाळली. सोयीची वस्तू गरिबाच्या घरात लवकर शिरते. पन्नासेक वर्षांत ती अशी रुळली की आता टोपीशिवाय वारकरी डोळ्यांपुढे येत नाही.

पण आपल्या सोलापुरात तिची गोष्ट एवढ्यावर संपत नाही.

मे १९३०. मिठाचा सत्याग्रह चालू. ५ मेच्या मध्यरात्री गांधीजींना पकडलं. बातमी सोलापुरात आली, गिरण्या बंद पडल्या, माणसं रस्त्यावर आली. ८ मेला गोळीबार झाला. त्यानंतर तीन-चार दिवस शहरात इंग्रजांचा अंमल राहिला नाही. मग १२ मेला सोलापुरात लष्करी कायदा पुकारला गेला. राष्ट्रीय निशाण हातात धरलं म्हणून सक्तमजुरीच्या शिक्षा झाल्या. आणि डोक्यावरची पांढरी टोपी हाच गुन्हा ठरला. शिपाई रस्त्यात माणूस अडवायचे आणि टोपी उतरवायला लावायचे. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना १२ जानेवारी १९३१ला येरवड्यात फाशी दिलं. त्यांचे पुतळे आपण येता-जाता बघतो.

आता आजींनी काय सांगितलं ते ऐका. त्या म्हणाल्या, "मामंजी गिरणीत होते. तोवर पागोटंच घालायचे. मार्शल लॉ लागला आणि त्यांच्या डोळ्यांदेखत चाळीतल्या एका म्हाताऱ्याची टोपी शिपायाने काठीने उडवली आणि चिखलात तुडवली. मामंजींनी ती उचलून घरी आणली, धुतली. जूनअखेर कायदा उठला. आषाढी तोंडावर आली होती. त्या वर्षी ते पागोटं घरात ठेवून टोपी घालून पंढरपूरला गेले. मग शेवटपर्यंत टोपीच."

त्या वर्षी आषाढी एकादशी जुलैच्या पहिल्या आठवड्यातच होती. सोलापूर ते पंढरपूर सत्तरेक किलोमीटर. कायदा उठला आणि माणूस निघाला, असा तो मेळ बसतो.

मी नातवाला म्हणालो, "बाळा, आता सांग. १९२५च्या चेहऱ्यावर टोपी ठेवायची का?"

तो गप्प झाला. कारण त्याच्या लक्षात आलं. पंचविशीच्या आजोबांना टोपी दिली, तर त्यांनी १९३०मध्ये जे केलं ते चित्रातून पुसलं जातं. जणू ती टोपी त्यांच्या डोक्यावर जन्मापासून होती, तिच्यासाठी त्यांना काही ठरवावं लागलंच नाही. पागोटं राहिलं तर पागोटं खरं, टोपी राहिली तर टोपी खरी. दोन्ही एकत्र केली तर दोन्ही खोटी. म्हणून माझ्या मते पहिला नियम एवढाच : वर्णन लिहायच्या आधी साल लिहा.

घरात बसून ठरलं की चित्र १९५८चं काढायचं, वीणा घेतलेले आजोबा. चेहरा म्हातारा असला तरी तोच घ्यायचा.

मग आम्ही एकेक वस्तू घेत गेलो.

पहिली, अंगावरचं कापड. "पांढरा" म्हटलं की चित्रकार ट्यूबमधून पांढरा रंग काढतो. पण कापडाचा पांढरा एक नसतो. मांजरपाट कोरा असताना सायीच्या रंगाचा असतो, धुऊन धुऊन उजळतो, पण पिवळसर झाक राहते. गिरणीचं धोतर घरी धुताना नीळ दिली की त्याला किंचित निळी छटा येते. टेरिकॉट चकाकतं आणि सरळ पडतं. सुती कापडाला कोपराच्या आत, गुडघ्यामागे, बसून उठलं की चुण्या पडतात आणि तशाच राहतात. फोटोत हे सगळे पांढरे एकसारखे दिसतात. उन्हात काढलेल्या फोटोत तर चुण्याही दिसत नाहीत, नुसता पांढरा डाग. म्हणून लिहावं लागतं. आजींना विचारलं. त्या म्हणाल्या, "पैरण मांजरपाटाचं, मीच शिवून घ्यायची. धोतर गिरणीचं, बारीक काठाचं. टोपीला तेवढी भाताच्या पेजेची खळ आणि तांब्यात निखारे घालून इस्त्री." बघा, एका बाईच्या हातात चित्रकाराला पाहिजे ते सगळं होतं. टोपी ताठ, पैरण मऊ आणि चुरगळलेलं, धोतराला किंचित नीळ.

दुसरी गोष्ट, जुन्या फोटोतली ती बंदांची बंडी. सोलापूरच्या माणसाने इथे सावध राहावं. आपल्या गावात पांढऱ्या वस्त्रांचे दोन सोहळे. एक आषाढीची वारी. दुसरा संक्रांतीला श्री सिद्धरामेश्वरांची यात्रा. त्या यात्रेत नंदीध्वज घेणारे आणि हजारो भाविक पांढरी बाराबंदी घालतात. बंदांच्या सहा जोड्या, म्हणून बाराबंदी. आता जुन्या फोटोत पांढरी बाराबंदी आणि धोतर दिसलं की एक म्हणतो वारी, दुसरा म्हणतो गड्ड्याची यात्रा. पूर्वी बाराबंदी हा रोजचाच कपडा होता, वारकरीही घालत. म्हणून कपड्यावरून निवाडा करू नका. गळा आणि कपाळ बघा. गळ्याशी बारीक तुळशीची माळ आणि कपाळावर गोपीचंदनाचं उभं गंध, मध्ये बुक्का, तर वारकरी. कपाळावर भस्माचे आडवे पट्टे आणि गळ्यात इष्टलिंग, तर सिद्धरामेश्वरांचा भक्त. मागे उंच नंदीध्वज आहे की पताका आहे तेही बघा. आमच्या फोटोत माळ होती, पताका होती, आणि पाठीवर आषाढ लिहिला होता. यात्रा असते पौषात. प्रश्न मिटला. चुकून उलट लिहिलं असतं तर अपमान दोघांचाही झाला असता.

तिसरी, माळ. नातवाच्या ओळीत माळ नव्हतीच. टोपी होती, हार होता, माळ नव्हती. फोटोत ती बारीक दिसते म्हणून राहिली. आणि माऊली, सगळ्यात आधी लिहायची ती तीच. टोपी शंभर वर्षांची आहे, पैरण बदलत आलं आहे, माळ मात्र वारीएवढीच मुरलेली आहे. टोपी नसली तरी वारकरी वारकरी असतो. माळेशिवाय त्याला माळकरी कोण म्हणेल? ती घातली त्या दिवसापासून मांस-मद्य सुटलं, एकादशी आली, वारी आली. चित्रकाराला काय सांगायचं? मणी तुळशीच्या काष्ठाचे, १०८, वर मेरुमणी. मणी लहान, जवळजवळ ओवलेले, घामाने आणि वापराने फिक्या लाकडी रंगाचे तपकिरी झालेले. हे लिहिलं नाही तर तो टपोरे, खाचांचे मणी काढील, आणि तो होईल रुद्राक्ष. रुद्राक्ष पूज्य आहे, पण तो या गळ्यातला नव्हे.

चौथी, हार. इथे घोटाळा मोठा होता. नातवाने "हार" लिहिलं ते कोणत्या हाराबद्दल? फोटोच्या आत फुलांचा हार आहे, तो जिवंत माणसाच्या गळ्यात पडलेला. फोटोच्या बाहेर चौकटीला चंदनाचा हार आहे, तो आजोबा गेल्यावर घरच्यांनी घातलेला. आपल्याकडे फोटोला हार दिसला की माणूस समजतो, हे गेले. चित्रकाराने चौकटीचा हार बघून तो आजोबांच्या अंगावर काढला असता, तर दिंडीत चालता माणूस गेलेला दिसला असता. म्हणून दोन हार दोन ओळींत लिहिले : एक गळ्यातला, काढायचा. दुसरा चौकटीचा, काढायचा नाही.

आणि गळ्यातला तरी का आहे? दिंडीत चालणारा प्रत्येक जण फुलांचा हार घालून चालत नाही. गावच्या वेशीवर दिंडी आली की गावकरी वीणेकऱ्याला हार घालतात, पाया पडतात. तो मान त्या वीणेचा. वीणा खाली ठेवत नाहीत. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते, तोवर घेतलेला माणूस ती धरूनच असतो. म्हणून हार घालताना तो वीणेवरून घालता येत नाही, तिच्या दांडीच्या मागून जातो. फोटोत हार अर्धाच दिसतो तो यामुळे. चित्रकाराला वाटलं असतं फोटो खराब आहे, आणि त्याने हार पूर्ण करून वीणेवर काढला असता.

आता वीणेकऱ्याची जागाही सांगितली. पुढे पताका, मग टाळकऱ्यांच्या ओळी, मध्ये मृदंग, त्यामागे वीणा, आणि तिच्या मागे तुळशीवृंदावन डोक्यावर घेतलेल्या माउल्या. आजोबांना पुढे काढलं असतं तर चित्र देखणं झालं असतं, पण दिंडी मोडली असती.

राहता राहिली भाषा. कागदावर शब्द कोणते ठेवायचे? "ड्रेस" काढला, "वेश" असंही लिहिलं नाही. वेश घेतात तो सोंगात, आणि उतरवतात. "पोशाख" ठेवला. "हार लटकतो आहे" असं होतं, ते "हार आहे" केलं. आणि नातवाने एका जागी लिहिलं होतं, "आजोबांना टोपी घातली आहे." मी हसलो. म्हटलं, बाळा, आपल्या मराठीत कुणाला टोपी घालणं म्हणजे त्याला फसवणं! "आजोबांच्या डोक्यावर टोपी आहे" असं लिही. तोही हसला, आजीही हसल्या.

शेवटी कागद असा झाला. तो मी मुद्दाम इथे देतो, कारण तुम्हाला उपयोगी पडेल :

"साल १९५८च्या सुमाराचं. आषाढी वारी, सोलापूरहून पंढरपूरला जाणारी दिंडी. आजोबा वीणेकरी आहेत, वय साठीच्या आत-बाहेर. गळ्याशी तुळशीच्या बारीक मण्यांची माळ, वापराने तपकिरी. कपाळावर गोपीचंदनाचं उभं गंध आणि बुक्का. डोक्यावर पांढरी सुती टोपी, खळ दिलेली, ताठ, सरळ बसलेली, तिरकी नाही. अंगात मांजरपाटाचं लांब बाह्यांचं पैरण, सायीच्या रंगाकडे झुकणारं, कोपराला चुण्या. खांद्यावर उपरणं. गिरणीचं बारीक काठाचं धोतर, किंचित नीळ दिलेलं, गुडघ्याखाली रस्त्याची धूळ. वीणा गळ्यात, उजवा हात तारेवर. फुलांचा हार वीणेच्या मागून, म्हणून अर्धाच दिसतो. चौकटीला असलेला चंदनाचा हार चित्रात नको. आजोबांच्या पुढे मृदंग आणि टाळकरी, मागे तुळशी. १९२५च्या फोटोतलं पागोटं या चित्रात नको, ते घरच्यांच्या सांगण्याप्रमाणे तांबडं होतं."

शेवटची ओळ आजींच्या आग्रहाने राहिली. त्या म्हणाल्या, "चित्रात नसू दे. पण कागदावर असू दे. नाहीतर उद्या कुणी म्हणेल, त्यांनी पागोटं कधी घातलंच नव्हतं."

माघात चित्र आलं. मला दाखवायला बोलावलं. चित्रकाराने कागदाबाहेर काही केलं नव्हतं. पैरणाला सायीचा रंग, धोतराला निळसर, आणि टोपी त्या दोन्हींहून पांढरी. आजींना खुर्चीवर बसवून समोर धरलं. त्यांनी चेहऱ्याकडे नंतर बघितलं. आधी बोट टोपीच्या कडेवर नेलं आणि म्हणाल्या, "खळ बरोबर बसलीय."

त्या कागदाची एक प्रत आता चित्राच्या पाठीला डकवली आहे. माऊली, तुमच्या घरातला फोटो उलटा करून बघा. मागे काही लिहिलेलं नसेल, तर ज्याला अजून आठवतंय त्याला आजच विचारा : साल कोणतं, दिंडी कोणाची, डोक्यावर काय होतं, हार कुठून पडला. आणि पेन्सिलीने, हलक्या हाताने लिहा, म्हणजे पुढून ठसा उमटणार नाही.

रामकृष्ण हरी.